३२९ की ३३०? व्याजातल्या पैशांचा हिशेब

बचत खात्यावर तिमाहीचं व्याज जमा झालं, ३३० रुपये. घरी कॅल्क्युलेटर घेऊन बसलेल्या खातेदाराचं उत्तर येतं ३२९ रुपये २९ पैसे. रक्कम इतकी किरकोळ की शाखेत जाऊन विचारायचाही संकोच वाटावा. विचारलंच तर काउंटरवरून उत्तर मिळतं, "ते कॉम्प्युटर काढतो." उत्तर खोटं नाही, पण अर्धवट आहे. हिशेबाच्या वाटेत अपूर्णांक कुठे तोडायचा, किती वेळा तोडायचा आणि वर्षाचे दिवस किती धरायचे, हे त्या कॉम्प्युटरला कुणीतरी आधी सांगून ठेवलेलं असतं. हे एकदा समजलं की फरकाच्या नुसत्या आकारावरून तो कुठून आला असेल, याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

बचत खात्याचंच उदाहरण घेऊ. व्याजदर सोयीसाठी ३ टक्के धरू आणि तिमाही एप्रिल ते जून, म्हणजे ९१ दिवसांची. समजा १ ते ९ एप्रिल हे नऊ दिवस खात्यात दिवसअखेर १८,४३६.५० रुपये होते. १० एप्रिलला पगार जमा झाला आणि ४ मेपर्यंतचे पंचवीस दिवस शिल्लक ६१,९३६.५० राहिली. ५ मेला मोठा खर्च झाला आणि तिथून ३० जूनपर्यंतचे सत्तावन्न दिवस ४०,२११.७५ रुपये पडून होते.

१ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बचत खात्याचं व्याज रोजच्या शिल्लकेवर काढतात. त्याआधी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरली जायची. त्यामुळे पंचवीस तारखेला एका दिवसासाठी पैसे काढले तरी सगळ्या महिन्याच्या व्याजाला कात्री लागायची. आता प्रत्येक दिवसअखेरची शिल्लक मोजली जाते. बँकेतली जुनी मंडळी शिल्लक गुणिले दिवस या गुणाकाराला "प्रॉडक्ट" म्हणतात. आपल्या उदाहरणात तीन टप्प्यांचे प्रॉडक्ट आहेत १,६५,९२८.५०, १५,४८,४१२.५० आणि २२,९२,०६९.७५. त्यांची बेरीज ४०,०६,४१०.७५. तिला ३ टक्क्यांनी गुणून ३६५ने भागलं की ३२९.२९४ रुपये येतात. खातेदाराचं उत्तर हेच, आणि ते चूक नाही.

आता हाच हिशेब दुसऱ्या वाटेने करू. रोज रात्री दिवसअखेरचं काम चालतं तेव्हा बँकेची प्रणाली त्या दिवसाचं व्याज काढून बाजूला मांडून ठेवते. ते अजून खात्यात जमा झालेलं नसतं, पण बँकेच्या पुस्तकात देणं म्हणून दिसतं. ही रोजची रक्कम किती दशांश स्थळांपर्यंत ठेवायची, हे प्रणालीच्या मांडणीवर ठरतं. समजा ती रोज पैशापर्यंत राउंड केली. पहिल्या टप्प्यात दिवसाचं व्याज १.५१५३ रुपये येतं, त्याचे झाले १.५२. दुसऱ्यात ५.०९०७ येतं, त्याचे ५.०९. तिसऱ्यात ३.३०५१ येतं, त्याचे ३.३१. नऊ दिवसांचे १३.६८, पंचवीस दिवसांचे १२७.२५ आणि सत्तावन्न दिवसांचे १८८.६७ मिळून ३२९.६० रुपये होतात.

शिल्लक तीच, दर तोच, दिवसही तेवढेच. फरक पडला ३१ पैशांचा. व्याज जमा करताना ते जवळच्या रुपयापर्यंत न्यायचं असतं. पहिल्या वाटेने आलेल्या ३२९.२९चे ३२९ झाले असते, दुसऱ्या वाटेने आलेल्या ३२९.६०चे ३३० होतात. ३१ पैशांचा फरक पासबुकात एक रुपयाचा होऊन उतरला तो असा.

इथे एक छोटं गणित फार उपयोगी पडतं, आणि ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत कामाचं वाटतं. रक्कम पैशापर्यंत राउंड केली की एका वेळी जास्तीत जास्त अर्ध्या पैशाची चूक होऊ शकते. त्याहून मोठी होऊच शकत नाही, कारण त्यापुढे गेलं की पुढचा किंवा मागचा पैसा जास्त जवळचा ठरतो. ९१ दिवसांत ९१ वेळा राउंड केलं, तर सगळ्या चुका एकाच दिशेने झाल्या तरी एकूण साडेपंचेचाळीस पैसेच होतील. आपला फरक ३१ पैशांचा आहे, म्हणजे मर्यादेच्या आत. एरवी तो इतका मोठा होत नाही. शिल्लक रोज बदलत असेल तर काही दिवशी अंश वर जातो, काही दिवशी खाली, आणि चुका एकमेकींना खोडत जातात. आपल्या खात्यात मात्र सत्तावन्न दिवस शिल्लक हललीच नाही, त्यामुळे एकच चूक सत्तावन्न वेळा त्याच दिशेने झाली. ज्यांच्या खात्यात पैसा शांत पडून असतो त्यांनाच हा फरक ठळक दिसतो, तो यामुळे.

फरक या मर्यादेबाहेर गेला तर दोष राउंडिंगला देऊ नये. कारण दुसरं असतं, आणि ते बऱ्याच वेळा आपल्याच कागदावर सापडतं.

सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे तिमाहीला वर्षाचा चौथा भाग समजणं. आपल्या खातेदाराने सरासरी शिल्लक काढली, ४४,०२६.४९ रुपये, आणि तिच्यावर ३ टक्क्यांचा चौथा हिस्सा व्याज धरलं, तर उत्तर येतं ३३०.२०. दिवसांवरून आलेलं उत्तर होतं ३२९.२९. फरक ९१ पैशांचा, म्हणजे वरच्या मर्यादेच्या दुप्पट. वर्षाचा नेमका चौथा भाग ९१.२५ दिवसांचा असतो आणि एप्रिल ते जूनमध्ये दिवस येतात ९१. त्या पाव दिवसाचं हे व्याज. जुलै ते सप्टेंबरमध्ये ९२ दिवस असतात, तेव्हा हीच चूक उलट्या बाजूला जाते आणि बँकेने जास्त दिलं असं वाटतं. तशी तक्रार घेऊन कुणी शाखेत गेल्याचं मात्र ऐकिवात नाही.

लीप वर्षातही असाच प्रकार होतो. बँक ३६६ने भागत असेल तर आपल्या उदाहरणातलं व्याज ३२८.३९ होतं. मुदत ठेवींत शेवटची तिमाही अपुरी असेल तर उरलेल्या दिवसांचं व्याज दिवसांच्या प्रमाणात मिळतं. तिथे लीप वर्षाला ३६५ धरायचे की ३६६, ही पद्धत बँकेनुसार बदलू शकते. ठेव ठेवतानाच ते विचारून घ्यावं.

दुसरं कारण कॅल्क्युलेटर वापरणाऱ्याच्या सवयीतलं आहे. आधी ३ भागिले ३६५ करून रोजचा दर काढायचा, पडद्यावर ०.००८२१९१७ दिसलं की कागदावर ०.००८२ लिहायचं आणि पुढे तोच आकडा वापरायचा. कागद नीटनेटका दिसतो, पण या दराने व्याज येतं ३२८.५३ रुपये, म्हणजे ७७ पैसे कमी. इथे पैसे नव्हे, दरच मोडला गेला, आणि त्या मोडक्या दराने चाळीस लाखांच्या प्रॉडक्टला गुणलं. त्यामुळे अर्ध्या पैशाची मर्यादा इथे लागूच पडत नाही. दराचं आणखी एक घर ठेवून ०.००८२२ घेतलं असतं तर फरक तीन पैशांवर आला असता. म्हणून आधी सगळे गुणाकार करावेत आणि भागाकार शेवटी एकदाच करावा. एक्सेलमध्ये तर हा दोष दिसतही नाही. खाण्यात दोन दशांश दिसत असले तरी आत पंधरा अंकांपर्यंत संख्या दडलेली असते. पडद्यावरचे आकडे हाताने बेरजेला घेतले तर एक उत्तर येतं, खाण्यांची बेरीज केली तर दुसरं. बँकेसारखं दर टप्प्याला पैशापर्यंत आणायचं असेल तर ते स्पष्ट सांगावं लागतं:

```
=ROUND(40211.75*3%/365, 2)
```

याचं उत्तर ३.३१ येतं, आणि आत लपलेलं शेपूट खरोखर कापलं जातं.

आता शेवटच्या रुपयाकडे येऊ. ठेवींवरचं व्याज देताना आणि कर्जावरचं व्याज लावताना रक्कम जवळच्या रुपयापर्यंत न्यावी, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर वरचा रुपया, पन्नासहून कमी असतील तर सोडून द्यायचे. ग्राहकाने पैशांत रक्कम लिहून चेक दिला तर मात्र बँकेने तो परत करायचा नाही. म्हणजे खात्यात पैसे येऊ-जाऊ शकतात, पण व्याजाच्या नोंदीत ते दिसायला नकोत. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. पन्नास पैशांचं नाणं कायद्याने अजून चालतं, दुकानदार घेवो न घेवो.

पन्नासला वरच का न्यायचं? कुठल्या तरी बाजूला न्यावं लागतंच, आणि इथून एक गमतीचा परिणाम निघतो. व्याज आधी पैशापर्यंत आणलं तर शेवटचे पैसे ०० ते ९९ यांपैकी काहीही असू शकतात. ०१ ते ४९ पैसे सुटतात, त्यांची बेरीज १,२२५ पैसे. ५० ते ९९ असतील तर रुपया पुरा करायला ५० पासून १ पर्यंत पैसे घालावे लागतात, त्यांची बेरीज १,२७५. शंभर शक्यतांत पन्नास पैशांचा कल वर, म्हणजे दर नोंदीमागे सरासरी अर्धा पैसा. ठेवीवर तो ग्राहकाला मिळतो, कर्जावर बँकेला. "बँका पैसे खाऊन कोट्यवधी कमावतात" या लाडक्या समजुतीला निदान या नियमात तरी जागा नाही.

समजुतीत तथ्य असतं ते वेगळ्या ठिकाणी. राउंड करण्याऐवजी अंश नुसता छाटला तर चुका एकमेकींना खोडत नाहीत, सगळ्या एकाच दिशेला जातात. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १,००० अंकांपासून नवा निर्देशांक सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर तो पुन्हा काढला जायचा आणि तीन दशांशांपुढचं छाटलं जायचं. छाटलेला भाग एका अंकाच्या हजाराव्या हिश्श्याहून लहान, पण दिवसाला हजारो वेळा. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४.८११ वर घसरला. बाजार मात्र इतका पडलेला नव्हता. हिशेब दुरुस्त केल्यावर आकडा आला १,०९८.८९२. तुमच्या पासबुकात फरक दर तिमाहीला तुमच्या विरुद्धच जात असेल तर तिथे अंश छाटला जात असण्याची शंका रास्त आहे. कधी इकडे कधी तिकडे जात असेल तर ते साधं राउंडिंग आहे.

कर्जाच्या हप्त्यात हीच गोष्ट वेगळं वळण घेते, कारण तिथे आजचा पैसा पुढच्या महिन्याच्या मुद्दलात जाऊन बसतो.

एक लाख रुपयांचं कर्ज, १२ टक्के दर, बारा महिने. म्हणजे महिन्याला १ टक्का. सूत्राने हप्ता येतो ८,८८४.८७८९ रुपये. कुठलीही बँक असा हप्ता मागू शकत नाही. ती ८,८८५ ठरवते. पहिल्या महिन्याचं व्याज १,००० रुपये, मुद्दलातून ७,८८५ गेले, उरले ९२,११५. दुसऱ्या महिन्याचं व्याज ९२१.१५, रुपयांत ९२१. मुद्दल ७,९६४ने कमी होऊन ८४,१५१. तिसऱ्या महिन्याचं ८४१.५१, त्याचे ८४२. असं करत अकरावा हप्ता भरल्यावर मुद्दल उरतं ८,७९६ रुपये. त्यावर शेवटच्या महिन्याचं व्याज ८७.९६, म्हणजे ८८. शेवटचा हप्ता होतो ८,८८४, एक रुपया कमी. एकूण भरणा १,०६,६१९.

व्याज रुपयापर्यंत न नेता पैशापर्यंत ठेवलं असतं तर शेवटचा हप्ता ८,८८३.४६ आला असता आणि एकूण भरणा १,०६,६१८.४६. सूत्रातला हप्ता पैशात धरून, ८,८८४.८८ने बाराला गुणलं तर १,०६,६१८.५६. तीन पद्धती, तीन उत्तरं, आणि तिन्ही बरोबर. शेवटचा हप्ता वेगळा येतो, कारण आधीच्या अकरा हप्त्यांत जे थोडं जास्त किंवा कमी गेलं ते त्याला भरून काढावं लागतं.

वर्षभराच्या कर्जात हे रुपया-दोन रुपयांवर भागतं. गृहकर्जात तसं होत नाही. दहा लाख रुपये, ९ टक्के, वीस वर्षं. एक्सेलमध्ये

```
=PMT(9%/12, 240, -1000000)
```

असं लिहिलं की ८,९९७.२६ येतं. बँकेने जवळच्या रुपयाने ८,९९७ ठरवला तर दर महिन्याला २६ पैसे कमी भरले जातात. २४० हप्त्यांचे मिळून होतात साधारण ६२ रुपये. पण न भरलेले २६ पैसे मुद्दलात राहतात आणि त्यांच्यावरही ९ टक्क्यांनी व्याज चढतं. वीस वर्षांच्या शेवटी फरक होतो सुमारे १७३ रुपये. उलट बँकेने हप्ता वरच्या रुपयाला, म्हणजे ८,९९८ नेला तर शेवटचा हप्ता जवळजवळ पाचशे रुपयांनी कमी येतो. मासिक व्याजही रुपयांत राउंड होत असेल तर यात आणखी काही रुपये इकडे-तिकडे होतात.

हे सगळं महिन्याला वर्षाचा बारावा भाग धरून झालं. काही कर्जांवर व्याज रोजच्या शिल्लकेवर लागतं. तिथे ३१ दिवसांच्या महिन्यात दहा लाखांवर ७,६४३.८४ रुपये व्याज येतं, २८ दिवसांच्या फेब्रुवारीत ६,९०४.११. बारावा भाग धरून ते दर वेळी ७,५०० दिसेल. पहिल्याच विवरणात दीडशे किंवा सहाशे रुपयांची तफावत दिसली तर दिवसांची पद्धत तपासावी. कर्जाची रक्कम महिन्याच्या मधल्या तारखेला मिळाली असेल तर पहिल्या हप्त्याआधीच्या तुटक दिवसांचं व्याजही वेगळं लागतं. तरता व्याजदर असेल तर तो कुठल्या तारखेपासून बदलला हे विवरणात शोधावं. हे फरक पैशांत कधीच नसतात, त्यामुळे चटकन ओळखू येतात.

बँकेकडे जायचंच असेल तर "व्याज चुकलं" असं म्हणण्यापेक्षा तीन गोष्टी मागाव्यात. बचत खात्यासाठी दिवसअखेरच्या शिल्लकांची यादी, तिमाहीतला लागू दर आणि भागाकार ३६५ने केला की ३६६ने. कर्जासाठी हप्त्यागणिक मुद्दल-व्याजाचा तक्ता. चेकच्या बाबतीत पासबुकात दिसणारी तारीख आणि व्याजासाठी धरलेली तारीख वेगळ्या असू शकतात. एका दिवसाच्या अशा फरकाने चाळीस हजारांवर तीन रुपयांहून अधिक व्याज हलतं. राउंडिंगला तेवढं कधीच जमत नाही.

कर्ज संपत आलं की शेवटच्या हप्त्याकडे मात्र खास लक्ष द्यावं. खात्यातून दर महिन्याला आपोआप वळता होणारा हप्ता ठरलेल्या रकमेचा असतो आणि शेवटी १७३ रुपये उरले तर कर्जखातं उघडंच राहू शकतं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या सूचनेनुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रं परत करणं बँकांवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. पण हे ३० दिवस कर्ज पूर्ण फिटल्यापासून मोजतात, आणि १७३ रुपये बाकी असलेलं कर्ज फिटलेलं नसतं. म्हणून शेवटच्या हप्त्याच्या महिनाभर आधी शाखेतून त्या तारखेची नेमकी बाकी लेखी मागून घ्यावी आणि तेवढीच रक्कम भरावी.